प्रत घरी ओढून आणावी

२०१४ च्या जून महिन्यात कोड स्पेसेस नावाची कंपनी जेमतेम बारा तासांत संपली. प्रोग्रामर मंडळींचं काम सांभाळून ठेवायचं, हाच तिचा धंदा होता. अ‍ॅमेझॉनकडून भाड्याने घेतलेली सगळी यंत्रं ज्या पानावरून चालत, त्या पानात कुणीतरी शिरलं आणि पैसे मागू लागलं. कंपनीने घाईघाईने पासवर्ड बदलले. शिरलेल्याने मात्र स्वतःसाठी जादा लॉगिनं आधीच करून ठेवली होती. आपल्याला बाहेर काढताहेत हे दिसताच त्याने हाताला लागेल ते पुसायला घेतलं. कंपनीकडे बॅकअप होते, पण त्यातले बहुतेक त्याच्या आवाक्यात होते, म्हणून तेही गेले. बॅकअप घेताना कोणत्या सॉफ्टवेअरने घ्यायचा हे सगळे विचारतात. मूळ माल पुसण्याची ताकद ज्याच्या हाती येईल, त्याचा हात बॅकअपपर्यंत पोचतो का, हे फार थोडे विचारतात.

हा प्रश्न मोठ्या कंपन्यांपुरता नाही. उदाहरण म्हणून नाशिकजवळच्या एखाद्या गावातलं जुनं वाचनालय घ्या. त्यांनी दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून वेबसाइटवर ठेवली आहेत. पुस्तकं पाचशेच्या आसपास, पानांची चित्रं दीड लाख, एका चित्राला सरासरी चारशे केबी, म्हणजे सगळं मिळून साठ जीबी. शिवाय एक डेटाबेस आहे, त्यात पुस्तकांची सूची, सभासदांची नावं आणि देवघेवीच्या नोंदी. हे सगळं भाड्याच्या एका लिनक्स सर्व्हरवर, मुंबईतल्या कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये. वाचनालयाचं तांत्रिक काम हौसेने पाहणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या घरी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आहे आणि त्याला दोन टीबीची यूएसबी डिस्क जोडलेली आहे. मुंबईतलं सगळं रोज रात्री आपोआप या डिस्कवर यावं, एवढीच अपेक्षा आहे.

याचे दोन मार्ग आहेत. सर्व्हरने स्वतः घरच्या संगणकात शिरून फाइली ठेवायच्या, किंवा घरच्या संगणकाने सर्व्हरवर जाऊन त्या ओढून आणायच्या. शेवटी फाइली त्याच डिस्कवर येतात, म्हणून अनेकांना यात फरक वाटत नाही. पण पहिल्या मार्गात घरात शिरायची किल्ली सर्व्हरवर ठेवावी लागते, आणि सर्व्हर ही जागा चोवीस तास जगासमोर उघडी. उद्या वेबसाइटच्या एखाद्या जुनाट प्लगइनमधून कुणी आत आलं, तर त्याला मूळ फाइली मिळतील आणि त्यांच्या प्रतींपर्यंत जाणारी वाटही आयती मिळेल. दुसऱ्या मार्गात किल्ली घरात राहते. सर्व्हर पूर्ण शत्रूच्या ताब्यात गेला तरी घरच्या डिस्ककडे जाणारं दारच त्याला सापडत नाही.

आपल्याकडे दुसऱ्या मार्गाला आणखी एक कारण आहे. बऱ्याच घरगुती इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा असा बाहेरून गाठता येणारा पत्ताच नसतो. एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटून देते. बाहेरच्या यंत्राने घरच्या यंत्राला हाक मारली तर ती पोचत नाही, पण घरातून बाहेर गेलेली हाक बिनदिक्कत पोचते. ओढून आणण्याच्या पद्धतीत पहिली हाक घरूनच जाते, त्यामुळे राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही. ही अडचण इथे आपल्या बाजूचीच ठरते.

ही हाक जाते ती एसएसएचवरून. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपून घेत असल्याचं उघडकीला आलं. त्या काळी दूरच्या यंत्रावर लॉगिन करताना पासवर्ड तारेवरून उघडा जात असे. तिथल्याच टाटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. दोन यंत्रांमधलं सगळं बोलणं ते कूटात बदलतं आणि समोरचं यंत्र खरंच आपलं आहे ना, हेही तपासतं. आजही सर्व्हर सांभाळणारे लोक दिवसभर याच दारातून ये-जा करतात. फाइली ओढायचं काम रात्री सव्वातीनला माणसाविना व्हायचं आहे, तेव्हा पासवर्ड टाइप करायला कुणी नसणार. म्हणून किल्ल्यांची जोडी करायची. खासगी किल्ली घरी राहते आणि तिची सार्वजनिक जोडीदारीण सर्व्हरवर नोंदवली जाते.

```
ssh-keygen -t ed25519 -N "" -f /root/.ssh/granth
```

यातल्या रिकाम्या अवतरणचिन्हांचा अर्थ असा की या किल्लीवर पासवर्ड नाही. ज्याच्या हाती ती फाइल पडेल त्याला ती वापरता येईल. रात्रीच्या आपोआप चालणाऱ्या कामासाठी हे पत्करावंच लागतं. म्हणूनच, किल्ली हरवली तर जास्तीत जास्त किती नुकसान होईल याची मर्यादा सर्व्हरच्या बाजूने आधीच आखून ठेवायची. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. ते सरळ रूट वापरकर्त्याची किल्ली घरी आणून ठेवतात. मग घरचा संगणक बिघडला, चोरीला गेला किंवा मुलाने त्यात भलतंसलतं काही बसवलं, की मुंबईचा सर्व्हरही त्याच्यासोबत धोक्यात येतो.

वाचनालयाच्या सर्व्हरवर यासाठी `vachak` नावाचा वेगळा वापरकर्ता करायचा. नावाप्रमाणे त्याने फक्त वाचायचं. `/srv/granth` या फोल्डरमधल्या फाइली ज्या गटाच्या मालकीच्या आहेत त्या गटात त्याला बसवायचं आणि गटाला वाचण्याची परवानगी ठेवायची. मग त्याच्या `authorized_keys` फाइलमध्ये सार्वजनिक किल्ली नोंदवताना तिच्या आधी हे दोन शब्द लिहायचे:

```
restrict,command="/usr/bin/rrsync -ro /srv/granth" ssh-ed25519 AAAA... ghar
```

`restrict` मुळे या किल्लीने आलेल्याला टर्मिनल मिळत नाही आणि इथून दुसरीकडे बोगदा काढता येत नाही. `command` मुळे तो काहीही मागो, सर्व्हर फक्त तेवढाच एक प्रोग्राम चालवतो. `rrsync` ही आरसिंकसोबतच येणारी छोटी स्क्रिप्ट आहे. ती येणाऱ्याला एकाच फोल्डरमध्ये कोंडून ठेवते, आणि `-ro` लिहिलं की त्याला तिथे वाचण्यापलीकडे काही करता येत नाही. लिहिणं नाही, पुसणं नाही. काही सर्व्हरवर ही स्क्रिप्ट दुसऱ्या ठिकाणी असते, म्हणून `which rrsync` विचारून पत्ता खात्रीचा करून घ्यावा. जुन्या आवृत्त्यांत ती आरसिंकच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये पडलेली असते, तिथून उचलून जागेवर ठेवावी लागते. बंधन खरंच लागलं की नाही हे बघायला घरून याच किल्लीने साधं `ssh` लॉगिन करून पाहावं. आत शिरता आलं तर कुठेतरी चूक आहे. नकाराचा संदेश आला तर काम झालं.

पहिल्या भेटीची एक औपचारिकता उरते. घरचा संगणक सर्व्हरला प्रथमच भेटतो तेव्हा त्याच्या ओळखीचा ठसा दाखवून विचारतो, ‘हाच का तो?’ आपण सगळेच न वाचता `yes` लिहून मोकळे होतो. तसं करू नये. सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या वेबसाइटवरून सर्व्हरचा कन्सोल उघडता येतो. तिथे `ssh-keygen -lf /etc/ssh/ssh_host_ed25519_key.pub` असं विचारलं की तोच ठसा दिसतो. दोन्ही जुळवून मगच हो म्हणावं. हे एकदाच करायचं असतं. पुढे कधी सर्व्हर नव्याने बसवला तर ठसा बदलेल आणि बॅकअप अडेल. ही अडवणूक योग्यच आहे, फक्त ती आपल्या लक्षात यायला हवी.

आता खुद्द ओढण्याचं काम. आरसिंक हे १९९६ साली कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी केलं. त्यातली नावाजलेली युक्ती अशी की एखाद्या मोठ्या फाइलचा थोडाच भाग बदलला असेल, तर दोन्ही टोकांची यंत्रं तुकड्यांच्या खुणा ताडून पाहतात आणि फक्त बदललेला भाग तारेवरून पाठवतात. वाचनालयाच्या बाबतीत मात्र तिचा उपयोग जवळजवळ होतच नाही, कारण स्कॅन केलेलं पान एकदा ठेवलं की बदलत नाही. इथे खरा फायदा साध्या गोष्टीने होतो. प्रत्येक फाइलचा आकार आणि बदलाची वेळ घरच्या प्रतीशी जुळली, तर आरसिंक ती फाइल उघडूनही बघत नाही, पुढे सरकतं. दीड लाख फाइलींपैकी आज नवीन आलेल्या तीनशे, तर तेवढ्याच येतात.

पहिली रात्र मोठी असते. साठ जीबी शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर कागदोपत्री ऐंशी मिनिटांत यायला हवेत, पण लहान लहान दीड लाख फाइली आणि यूएसबी डिस्कचा वेग पाहता दोन-अडीच तास धरून चालावं. त्यानंतरची रात्र सोपी. दिवसाला एक पुस्तक स्कॅन होतं, म्हणजे सव्वाशे एमबी, आणि डेटाबेसचा दाबलेला गठ्ठा ऐंशी एमबी. दोनशे एमबीच्या आसपास. चहा उकळेपर्यंत संपणारं काम.

पण घरच्या एकाच फोल्डरवर रोज ताजी प्रत उतरवत राहिलं तर त्याचा बॅकअप म्हणून फारसा उपयोग नाही. मंगळवारी कुणीतरी चुकून एक पुस्तक पुसलं, शुक्रवारी लक्षात आलं, तर तोवर घरची प्रतही ते इमानेइतबारे पुसून बसलेली असते. खंडणीखोराने सर्व्हरवरच्या फाइली कुलूपबंद केल्या तर त्या रात्री त्याच कुलूपबंद फाइली घरी येतील. म्हणून प्रत्येक रात्रीचं वेगळं फोल्डर हवं. तीस दिवसांची तीस फोल्डरं, प्रत्येकी साठ जीबी, म्हणजे अठराशे जीबी. दोन टीबीची डिस्क महिन्याभरात तुडुंब.

इथे आरसिंकची `--link-dest` ही सोय कामी येते. लिनक्सच्या डिस्कवर फाइलचा मजकूर एका जागी असतो आणि तिचं नाव फोल्डरमध्ये वेगळं असतं. एकाच मजकुराला अनेक नावं देता येतात. वाचनालयात एकाच पुस्तकाचं कार्ड लेखकाच्या खणात असतं, विषयाच्या खणातही असतं, पुस्तक मात्र कपाटात एकच, तसंच हे. आज न बदललेल्या फाइलसाठी आरसिंक कालच्याच मजकुराला आजच्या फोल्डरमध्ये नवं नाव देतं, जागा जवळपास लागत नाही. बदललेली किंवा नवी फाइल तेवढी खरोखर उतरवून घेतं. तीस रात्रींचा हिशोब मग साठ अधिक सहा, म्हणजे सहासष्ट जीबी. आणि प्रत्येक तारखेचं फोल्डर उघडलं तर पूर्ण साठ जीबीची वेबसाइट त्यात दिसते. जुनं फोल्डर पुसलं तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही, कारण शेवटचं नाव जाईपर्यंत मजकूर डिस्कवर राहतो.

घरची स्क्रिप्ट एवढीच:

```
#!/bin/bash
set -eu
D=/mnt/prat
mountpoint -q "$D" || exit 1
AAJ=$(date +%F-%H%M)
rsync -a --numeric-ids --delete --stats \
  --link-dest="$D/taaja" \
  -e "ssh -i /root/.ssh/granth -o BatchMode=yes" \
  vachak@granth.example:/ "$D/apurna/" || [ $? -eq 24 ]
mv "$D/apurna" "$D/$AAJ"
ln -sfn "$D/$AAJ" "$D/taaja"
```

`granth.example` च्या जागी अर्थातच आपल्या सर्व्हरचं नाव. त्यापुढची `/` ही सर्व्हरची मूळ डिरेक्टरी नाही. `rrsync` ने कोंडलेल्या फोल्डरचीच ती सुरुवात आहे.

यातली `mountpoint` ची ओळ साधी दिसते पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे. यूएसबीची वायर सैल झाली आणि डिस्क जोडलीच गेली नाही, तरी `/mnt/prat` नावाचं रिकामं फोल्डर रास्पबेरी पायच्या छोट्या मेमरी कार्डवर असतंच. ही तपासणी नसेल तर साठ जीबी त्या कार्डवर उतरू लागतात, कार्ड भरतं आणि संगणकच आडवा होतो. `BatchMode` मुळे काही अडलं तर एसएसएच पासवर्ड विचारत रात्रभर ताटकळत बसत नाही, चूक सांगून बाहेर पडतं. फाइली आधी `apurna` मध्ये येतात आणि सगळं नीट पार पडल्यावरच त्या फोल्डरला तारखेचं नाव मिळतं. मध्येच वीज गेली तर अर्धवट फोल्डर तसंच राहतं आणि पुढच्या रात्री तिथूनच काम पुढे सुरू होतं. त्यामुळे डिस्कवर तारीख लावलेलं फोल्डर दिसलं तर ते पूर्ण आहे एवढं नक्की. चोवीस हा आकडा आरसिंकचा निरोप आहे. यादी केली तेव्हा फाइल होती, उचलायला गेलो तेव्हा नव्हती, असं तो सांगतो. चालत्या सर्व्हरवर तात्पुरत्या फाइली अशा येत-जात असतात, म्हणून तो चालवून घ्यायचा. तेवीस आला तर मात्र काही फाइली वाचताच आल्या नाहीत. बहुतेक वेळा परवानगीचा घोळ असतो, आणि तो शोधल्याशिवाय सोडू नये.

डिस्क ext4 पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. दुकानातून आणलेली डिस्क बहुधा exFAT असते आणि तिच्यावर एका मजकुराला दोन नावं देता येत नाहीत. अशा डिस्कवर प्रत्येक फोल्डर खरोखर साठ जीबीचं होऊन बसतं.

वेळ लावायला बरेच जण क्रॉन वापरतात. आपल्याकडच्या विजेचा भरवसा पाहता सिस्टिमडीचा टायमर बरा:

```
[Timer]
OnCalendar=*-*-* 03:15
Persistent=true
```

`Persistent` मुळे सव्वातीनला घरात वीज नसेल तर ती आल्यावर, संगणक सुरू होताच, राहिलेलं काम केलं जातं. साधा क्रॉन अशी चुकलेली वेळ सोडून देतो.

आता डेटाबेस. तो चालू असताना त्याच्या फाइली तशाच उचलल्या तर प्रत विस्कटलेली येते, कारण आरसिंक एक फाइल वाचत असतानाच डेटाबेस दुसरीत लिहीत असतो. उचलून आणताना सगळं ठीक वाटतं आणि उघडायला गेलं की डेटाबेस उठतच नाही. म्हणून सर्व्हरनेच रात्री अडीचला त्याचा एकसंध गठ्ठा करून त्याच फोल्डरमध्ये ठेवायचा. आपली किल्ली तो इतर फाइलींबरोबर उचलून आणेल.

```
set -o pipefail
F=/srv/granth/dump/granth.sql.gz
mysqldump --single-transaction granth | gzip > $F.new && mv $F.new $F
```

पहिल्या ओळीविना इथे एक फसवणूक दडलेली असते. `mysqldump` अपयशी ठरला, समजा पासवर्ड बदलला म्हणून, तरी त्याच्यामागचा `gzip` शून्य मजकूर इमानदारीने दाबून देतो आणि ‘काम झालं’ असं कळवतो. फाइल तयार होते, तारीख आजची असते, आकार मात्र वीस बाइट. शून्य मजकूर `gzip` ने दाबला की नेमके वीस बाइट होतात. बॅकअपच्या फोल्डरमध्ये वीस बाइटची `.gz` फाइल दिसली की समजावं, कुठल्या तरी दिवसापासून काहीच येत नाही.

हे गिटलॅबसारख्या कंपनीचंही झालं आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं. बॅकअप शोधायला गेले तर रोजचे गठ्ठे पडतच नव्हते. डेटाबेस एका आवृत्तीचा आणि गठ्ठा करणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा, त्यामुळे तो दर वेळी चूक दाखवून थांबत होता. चुकीची खबर ईमेलने जायची, आणि ती ईमेलं समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली प्रत होती म्हणून ते वाचले. मधल्या सहा तासांतलं काम गेलं. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जगासमोर मांडलं. म्हणून तर ते आपल्याला इतकं बारकाईने माहीत आहे.

यातून घ्यायचं ते एवढंच की ‘चुकलं तर कळव’ हा बंदोबस्त पुरेसा नाही, कारण कळवणारी यंत्रणाच बंद पडलेली असू शकते. उलटं करावं. रोज सकाळी यशाचा निरोप यावा, आणि तो आला नाही तर चौकशी करावी. निरोपात शब्द कमी आणि आकडे जास्त असावेत. `--stats` मुळे आरसिंक शेवटी हिशोब छापतं. त्यातल्या `Number of files` आणि `Total transferred file size` या दोन ओळी, आणि डेटाबेसच्या गठ्ठ्याचा आकार, एवढं पुरतं. वाचनालयाच्या बाबतीत फाइली दीड लाखांच्या वर आणि रोज थोड्या वाढत जाणाऱ्या, आलेला माल दोनशे एमबीच्या आसपास. एखाद्या सकाळी फाइली अचानक निम्म्या दिसल्या तर कुणीतरी काहीतरी पुसलं आहे. आलेला माल एकदम चाळीस जीबी दिसला तर सर्व्हरवरच्या फाइली रातोरात बदलल्या आहेत. खंडणीखोराच्या कुलपाचं हे पहिलं लक्षण असू शकतं. अशा वेळी आधी टायमर थांबवायचा, म्हणजे जुनी फोल्डरं पुसली जाणार नाहीत, आणि मग सर्व्हर बघायचा.

जुनी फोल्डरं पुसण्यावरून आठवलं. तीस दिवसांहून जुनं काढून टाकायला सर्रास `find` ला `-mtime +30` सांगतात. इथे ते घातक आहे. `-a` मुळे आरसिंक सर्व्हरवरच्या फोल्डरची बदलाची वेळही जशीच्या तशी घरच्या फोल्डरला देतं. सर्व्हरवरचं सगळ्यात वरचं फोल्डर दोन वर्षांपूर्वी केलेलं असेल, तर आज पहाटे आलेली प्रतही दोन वर्षं जुनी दिसते आणि ती आल्या आल्या पुसली जाते. पुसताना फोल्डरच्या नावातली तारीखच बघावी. आणि दिवस मोजण्यापेक्षा शेवटची तीस फोल्डरं सोडून बाकीची पुसावीत. बॅकअप दोन महिने बंद पडला असेल तर दिवस मोजणारी स्क्रिप्ट उरलेल्या सगळ्या प्रती शिळ्या ठरवून साफ करते, मोजून तीस ठेवणारी तसं करत नाही.

या रचनेची एक मर्यादा लोकांना पटायला वेळ लागतो. तीस तारखांची तीस फोल्डरं दिसत असली तरी न बदललेल्या पानाचा मजकूर डिस्कवर एकच आहे. डिस्कचा तेवढा भाग खराब झाला तर ते पान तिसाच्या तिसा फोल्डरांत खराब होतं. घरच्या बाजूने कुणी एखादी फाइल उघडून तिच्यात बदल केला तर तोही सगळ्या तारखांत जातो, म्हणून या डिस्कवरच्या फाइली जागेवर संपादित करायच्या नाहीत, दुसरीकडे कॉपी करून घ्यायच्या. आकार आणि वेळ तीच राहिल्यामुळे रोजच्या रात्री हा बिघाड आरसिंकच्या नजरेला येत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा याच आज्ञेत `--checksum` जोडून चालवावं. तेव्हा दोन्ही टोकांना प्रत्येक फाइल पूर्ण वाचून ताडली जाते आणि घरची प्रत बिघडलेली असेल तर सर्व्हरवरून नवी येते. सर्व्हरवर तेवढा वेळ ताण पडतो, म्हणून रविवारची पहाट निवडावी. आणि वर्षाकाठी एक दुसरी डिस्क आणून तिच्यावर सगळं उतरवून नातेवाइकाच्या घरी ठेवावी. घराला आग लागली तर दोनशे एमबीचा हिशोब ऐकायला कुणी येत नाही. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचचं अख्खं डेटा सेंटर जळालं.

सभासदांची नावं-पत्ते आता घरातल्या डिस्कवर आहेत, तेव्हा डिस्क कूटबद्ध करावी, असा सल्ला दिला जातो आणि तो बरोबर आहे. लिनक्सवर त्यासाठी लक्स आहे. पण मग वीज जाऊन आल्यावर डिस्क उघडायला पासवर्ड टाइप करावा लागतो आणि आपोआप हा शब्द निरर्थक होतो. पासवर्डऐवजी उघडणारी फाइल संगणकाच्या मेमरी कार्डवर ठेवली तर काम आपोआप चालतं, पण चोराने डिस्कबरोबर संगणकही नेला तर कूट व्यर्थ. मला विचाराल तर वाचनालयासारख्या ठिकाणी ही तडजोड चालण्यासारखी आहे. डिस्क बिघडली म्हणून दुरुस्तीला दिली किंवा भंगारात गेली, तर निदान त्यातली नावं कुणाला वाचता येत नाहीत. डिस्कमधला मजकूर बाहेर जातो तो चोरीपेक्षा अशाच वाटांनी जास्त जात असावा, असं मला वाटतं. दवाखान्याच्या नोंदी असत्या तर मी पासवर्डच टाइप केला असता.

तीन-चार महिन्यांनी एकदा, सर्व्हरला हात न लावता, सगळं परत उभं करून बघावं. ताज्या फोल्डरमधला गठ्ठा आपल्या लॅपटॉपवरच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये ओतायचा. आधी `zcat granth.sql.gz | tail -1` म्हणून शेवटची ओळ बघायची. तिथे `-- Dump completed` असं नसेल तर गठ्ठा मध्येच तुटला आहे. ओतून झाल्यावर सभासदांची संख्या वाचनालयाच्या रजिस्टरशी ताडायची, आठ-दहा पुस्तकांची पानं उघडून बघायची.

खरोखर सर्व्हर गेला तर घरून माल वर चढवावा लागेल, आणि घरची जोडणी वर चढवायला बहुधा खाली उतरवण्यापेक्षा संथ असते. वीस एमबीपीएस मिळाले तर साठ जीबीला पावणेसात तास लागतात. त्यात ही वाचणारी किल्ली कामाची नाही, तिला लिहिताच येत नाही. नव्या सर्व्हरवर आपल्या हाताने, आपल्या पासवर्डने शिरून काम करायचं. आधी वेबसाइटचा प्रोग्राम आणि डेटाबेसचा गठ्ठा चढवायचा. ते शंभर-दीडशे एमबीत भागतं, म्हणजे सूची आणि देवघेव तासाभरात सुरू होते. मग ज्यांना सगळ्यात जास्त मागणी आहे ती पुस्तकं, आणि उरलेली रात्रभरात. घरचा टायमर या सगळ्या काळात बंद ठेवायचा. अर्धवट भरलेला सर्व्हर त्याने पहाटे ओढून आणला तर घरी तारीख लागलेलं, पूर्ण म्हणवणारं, पण निम्मं रिकामं फोल्डर तयार होईल. नव्या यंत्राचा ठसा कन्सोलवरून तपासून घेतला, `vachak` पुन्हा नोंदवला आणि फाइलींची संख्या जुन्या आकड्याला भिडली, की टायमर परत सुरू करायचा.